खर्च वाटण्याच्या ॲपवर शेवटचे आकडे चुकीचे का दिसतात

प्रश्न: आम्ही चौघं ट्रिपला गेलो होतो. राहण्याचे १२००० मी भरले, गाडीचे ८००० आणि बोटिंगचे ३००० केतनने, जेवणाचे ६००० अनघाने. सुमित बोटिंगला आला नव्हता. त्याने मला मध्येच ३००० दिले, ते पण ॲपवर टाकले. आता ॲप म्हणतंय सुमितने मला अजून ४००० आणि केतनला १००० द्यायचे, अनघाने केतनला २००० द्यायचे. सुमित म्हणतो राहण्याचा माझा वाटा तर मी देऊन टाकला, मग हे ४००० कसले? ॲपचं गणित गंडलंय का? – रोहन

उत्तर:

ॲपची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, तुमच्या दोन एंट्र्या चुकल्यात. आणि त्या कुठल्या हे तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरूनच कळतंय, ॲप उघडून बघायचीही गरज नाही. मी बरीच वर्षं ग्रुपचे आणि फ्लॅटचे हिशोब जुळवून देतोय आणि तुमच्यासारखी केस सगळ्यात जास्त वेळा येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी तुमचं तुम्हालाच शोधता येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ॲपच्या शेवटच्या पानावर जे दिसतं ना, अमक्याने तमक्याला इतके द्यायचे, ते दोन टप्प्यांत तयार होतं. पहिल्या टप्प्यात ॲप प्रत्येक माणसाची निव्वळ बाकी काढतं, म्हणजे एकूण ग्रुपकडून याचं घेणं आहे की ग्रुपला याचं देणं आहे आणि किती. दुसऱ्या टप्प्यात ती घेणी-देणी कोणी कोणाला दिली की मिटतील याच्या जोड्या लावतं. लोक भांडतात ते नेहमी दुसऱ्या टप्प्यावरून, कारण तोच समोर दिसतो, पण खरी चूक असते ती जवळजवळ नेहमीच पहिल्यात. म्हणून तपासणी कायम निव्वळ बाकीपासून सुरू करायची, जोड्या नंतर.

निव्वळ बाकी काढायचं सूत्र एवढंच आहे:

```
निव्वळ बाकी = भरलेला खर्च − स्वतःचा वाटा + दुसऱ्यांना दिलेलं − दुसऱ्यांकडून मिळालेलं
```

उत्तर अधिक आलं तर घेणं, उणे आलं तर देणं. यात भरलेला खर्च म्हणजे दुकानदार, हॉटेलवाला, गाडीवाला अशा बाहेरच्या माणसाला गेलेले पैसे. दिलेलं-मिळालेलं म्हणजे ग्रुपमधल्या ग्रुपमध्ये हात बदललेले पैसे. हे दोन प्रकार वेगळे ठेवणं हाच सगळ्या हिशोबाचा कणा आहे, तुमची मोठी चूक याच ठिकाणी झालीये.

आता तुमचा हिशोब हाताने करूया. खरा खर्च १२०००, ८०००, ३००० आणि ६०००, एकूण २९०००. राहणं, गाडी आणि जेवण चौघांत, म्हणजे प्रत्येकी ३०००, २००० आणि १५००, मिळून ६५००. बोटिंग सुमित सोडून तिघांत, प्रत्येकी १०००. म्हणजे तुमचा, केतनचा आणि अनघाचा वाटा ७५००, सुमितचा ६५००. तिघांचे ७५०० आणि सुमितचे ६५०० मिळून २९००० होतात, म्हणजे वाटे नीट पडले. आता भरलेल्यातून वाटा वजा करा. तुम्ही १२००० भरले, वाटा ७५००, घेणं ४५००. केतनने ११००० भरले, घेणं ३५००. अनघाने ६००० भरले, देणं १५००. सुमितने बाहेर काहीच भरलं नाही, देणं ६५००. त्यानंतर सुमितने तुम्हाला ३००० दिले, तेवढ्याने त्याचं देणं ३५०० वर आलं आणि तुमचं घेणं १५०० वर आलं. केतन आणि अनघाच्या बाकीला या ३००० मुळे धक्काही लागायला नको, कारण त्या व्यवहारात ते दोघं नव्हतेच.

म्हणजे खरी बाकी अशी: तुमचं घेणं १५००, केतनचं घेणं ३५००, अनघाचं देणं १५००, सुमितचं देणं ३५००.

ॲप काय म्हणतंय ते आता जोड्यांवरून उलटं काढा. सुमितकडून तुम्हाला ४००० येतात, म्हणजे ॲपच्या मते तुमचं घेणं ४०००. केतनला सुमितकडून १००० आणि अनघाकडून २०००, म्हणजे घेणं ३०००. अनघाचं देणं २०००, सुमितचं ५०००. चौघांचेही आकडे खऱ्या आकड्यांपेक्षा वेगळे आहेत. दोघांचाच आकडा हलला असता तर चूक एखाद्या जोडीपुरती असते, पण सगळेच हलले याचा अर्थ चुकलेली एंट्री चौघांत वाटली गेलीये.

कुठली ते बघायला ॲपवर ग्रुपचा एकूण खर्च किती दाखवतंय ते पहा. बहुतेक ॲपमध्ये टोटल किंवा समरी अशा नावाने ते कुठेतरी मिळतं. तुमच्याकडे ते ३२००० दाखवत असणार. खरा खर्च २९०००, फरक बरोबर ३०००, आणि सुमितने तुम्हाला दिलेले पैसेही ३०००. म्हणजे ती रक्कम पेमेंट म्हणून न टाकता खर्च म्हणून टाकली गेलीये. साधारण असं होतं की घाईत प्लसचं बटण दाबलं जातं, वर नाव लिहिलं जातं रोहनला दिले, रक्कम ३०००, भरणारा सुमित, आणि खाली चौघांत समान हे आपोआप आलेलं असतं ते तसंच राहतं. ॲपला नावातलं काही कळत नाही. त्याला एवढंच कळतं की सुमितने बाहेर कुठेतरी ३००० खर्च केले आणि त्याचा फायदा चौघांनी घेतला. मग ते प्रत्येकावर ७५० टाकतं. सुमितला ३००० ऐवजी फक्त २२५० चं श्रेय मिळतं, केतन आणि अनघाच्या डोक्यावर विनाकारण ७५०-७५० बसतात, आणि तुमच्या खात्यातून ३००० कमी व्हायला हवे तिथे फक्त ७५० कमी होतात. हिशोब बिघडतो आणि फायदा तुमच्या बाजूला जातो, म्हणून सुमितला वाटणारच की दिलेले पैसे गायब झाले.

पण एवढ्यानेही ॲपचे आकडे पूर्ण जुळत नाहीत, मी ताडून पाहिलं. फक्त ही एक चूक धरली तर तुमचं घेणं ३७५० यायला हवं, ॲप ४००० म्हणतंय. केतनचं २७५० यायला हवं, ॲप ३००० म्हणतंय. अनघाचं देणं २२५० यायला हवं, ॲप २००० म्हणतंय. तिघांच्याही बाबतीत फरक २५० आणि तो त्यांच्या फायद्याचा, आणि सुमितचं देणं ४२५० ऐवजी ५०००, म्हणजे ७५० ने जास्त. तिघांना २५०-२५० सूट आणि चौथ्यावर ७५० चा बोजा, हे बोटिंगच आहे. ३००० तिघांत वाटले तर १०००, चौघांत वाटले तर ७५०. सुमितच्या नावासमोरची खूण काढायची राहून गेलीये. अजून एक सोपी खूण सांगतो: या दोन चुका धरल्या तर चौघांचाही वाटा बरोबर ८००० येतो, ३२००० भागिले चार. कोणीतरी एखाद्या गोष्टीला आलं नव्हतं हे माहीत असताना ॲपवर सगळ्यांचे वाटे अगदी सारखे दिसत असतील तर कुठेतरी नाव वगळायचं राहिलंय हे नक्की समजायचं.

दुरुस्ती अशी करा. ३००० ची ती खर्चाची एंट्री डिलीट करा आणि सेटल-अप किंवा पेमेंट नोंदवा असं जे बटण असतं तिथून सुमितने रोहनला ३००० दिले अशी नवी नोंद करा, तारीख खरी टाका. बोटिंगची एंट्री मात्र डिलीट करू नका, ती एडिट करून सुमितचं नाव काढा. असं केलं की एकूण खर्च २९००० वर येईल आणि वर हाताने काढलेली बाकी ॲपवरही दिसेल. काही जण पेमेंटची एंट्री खर्च म्हणूनच ठेवतात आणि वाटा शंभर टक्के रोहनवर टाकतात. त्याने बाकी बरोबर येते हे खरं, पण एकूण खर्च ३२००० च राहतो आणि तुमचा ट्रिपचा खर्च ७५०० ऐवजी १०५०० दिसतो, मग महिनाभराने कोणी माणशी किती पडले विचारलं की पुन्हा गोंधळ. पेमेंट ते पेमेंटच टाकावं असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे एक गैरसमज काढायला हवा कारण बरेच जण त्यावर विसंबून राहतात. सगळ्यांच्या बाकीची बेरीज शून्य येते, म्हणजे हिशोब बरोबर, असं लोक म्हणतात. तुमच्या चुकीच्या हिशोबातही घेणं ७००० आणि देणं ७०००, बेरीज शून्यच आहे. ॲप जी एंट्री घेतं तिच्यात भरलेली रक्कम आणि वाट्यांची बेरीज सारखी असल्याशिवाय ते पुढे जाऊच देत नाही, त्यामुळे शून्य हे येणारच, एंट्री खरी असो वा खोटी. शून्य आलं यातून फक्त ॲपला बेरीज येते एवढंच सिद्ध होतं. हिशोब तपासायचा तर ॲपबाहेरच्या गोष्टीशी ताडावा लागतो, म्हणजे बिलं, बँकेचे मेसेज, आणि कोण कशाला हजर होतं याची आठवण.

आता दुसरा टप्पा, कारण दुरुस्ती केल्यावर तुम्हाला जे दिसेल त्यावरून पुन्हा वाद होणार आहे, आधीच सांगून ठेवतो. दुरुस्त केल्यावर ॲप म्हणेल सुमितने केतनला ३५०० द्यावे आणि अनघाने तुम्हाला १५००. बस, दोनच पेमेंट. यावर सुमित लगेच म्हणेल की केतनने गाडीचे भरले, त्यात माझा वाटा २०००, बोटिंगला मी नव्हतो, मग केतनला ३५०० का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर ॲप स्वतःहून देत नाही.

जोडीजोडीने पाहिलं तर सुमितचं केतनला देणं २००० च आहे, गाडीचे. तुमचे ३००० त्याने दिले, तिथे काही उरलं नाही. पण जेवणाचे ६००० अनघाने भरले होते, त्यातले १५०० सुमितने अनघाला द्यायचे आहेत. अनघाने केतनला गाडीचे २००० आणि बोटिंगचे १००० द्यायचे, केतनने तिला जेवणाचे १५०० द्यायचे, वजा जाता अनघाचं केतनला देणं १५००. तसंच अनघाचं तुम्हाला देणं राहण्याचे ३००० वजा जेवणाचे १५००, म्हणजे १५००. तुमचं आणि केतनचं एकमेकांना ३०००-३००० होतं, ते आपसात फिटलं. म्हणजे जोडीजोडीने चार पेमेंट होतात: सुमित अनघाला १५००, सुमित केतनला २०००, अनघा केतनला १५००, अनघा तुम्हाला १५००.

आता यातली पहिली आणि तिसरी नीट बघा. सुमित अनघाला १५०० देणार आणि अनघा तेच १५०० उचलून केतनला देणार. मग सुमितनेच थेट केतनला दिले तर काय बिघडलं, अनघाच्या हातात येऊन लगेच जाणारे पैसे तेवढे वाचले. म्हणून ॲप अनघाला मधून काढतं आणि सुमितचे २००० आणि हे १५०० मिळून ३५०० केतनकडे वळवतं. सुमितच्या खिशातून दोन्ही प्रकारे ३५०० च जातात. केतनला दोन्ही प्रकारे ३५०० च मिळतात. वाट बदलली, रक्कम बदलली नाही. सुमितला समजावताना ॲपचं पान पुढे करू नका, हे दोन व्यवहार कागदावर लिहून दाखवा, मिनिटभरात पटतं.

या सोयीला स्प्लिटवाइजमध्ये Simplify group debts म्हणतात आणि ती ग्रुपच्या सेटिंगमध्ये चालू-बंद करता येते. इतर ॲपमध्येही ही सोय वेगवेगळ्या नावाने असते किंवा कायमची चालूच असते. ही चालू असेल तर चार जणांचा हिशोब जास्तीत जास्त तीन पेमेंटमध्ये मिटवता येतो, दहा जणांचा नऊमध्ये, कारण प्रत्येक पेमेंटने निदान एका माणसाची बाकी शून्य करता येते आणि शेवटचा माणूस आपोआप शून्यावर येतो. तुमच्या चुकीच्या हिशोबात तीन पेमेंट आली होती आणि बरोबर हिशोबात दोनच येतात, कारण सुमितचं ३५०० केतनच्या ३५०० शी आणि अनघाचं १५०० तुमच्या १५०० शी नेमकं जुळतं. नेहमी असं छान जुळेलच असं नाही.

ट्रिपला मला ही सोय आवडते, पण एक पथ्य पाळायला लागतं: पैसे द्यायला सुरुवात झाल्यावर ती सेटिंग बदलायची नाही. नाहीतर काय होतं ते तुमच्याच आकड्यांवर बघा. समजा सुमितने केतनला ३५०० दिले, अनघाने तुम्हाला १५०० दिले, दोन्ही नोंदवले, सगळ्यांची बाकी शून्य. मग कोणीतरी उत्सुकतेने सेटिंगमध्ये जाऊन ते बटण बंद केलं. आता ॲप परत जोडीजोडीने बघायला लागतं. सुमितने केतनला २००० द्यायचे होते, दिले ३५००, म्हणजे केतनने सुमितला १५०० परत द्यायचे. सुमितने अनघाला १५०० द्यायचे ते दिलेच नाहीत, म्हणजे तेही उभे. अनघाने केतनला १५०० द्यायचे, तेही उभे. एका क्षणात तिघंही एकमेकांचे देणेकरी, सुमित अनघाचा, अनघा केतनची, केतन सुमितचा, आणि सगळे म्हणणार की अरे आपण तर मिटवलं होतं. मिटलेलंच आहे. तिघांपैकी कोणाचीही बाकी काढा, १५०० यायचे आणि १५०० जायचे, शून्य. गोल फिरणारं देणं दिसलं की कोणीही पैसे हलवू नयेत, सेटिंग परत चालू करावी, ते नाहीसं होतं. असं गोल मी जुन्या ग्रुपांमध्ये बऱ्याचदा पाहिलंय आणि त्यावरून मित्रांमध्ये अबोला धरलेलाही पाहिलाय, ज्याची अजिबात गरज नव्हती.

तुमच्या केसमध्ये नसलेल्या पण शोधायला सोप्या अशा अजून दोन-तीन चुका आहेत, फरकाच्या आकड्यावरून त्या ओळखता येतात म्हणून सांगतो. हाताने काढलेली बाकी आणि ॲपची बाकी यांतला फरक काढायचा आणि तो आकडा घेऊन एंट्र्यांमध्ये शोध घ्यायचा. फरक दोनच माणसांत असेल, एकाचा जितका वाढला तितकाच दुसऱ्याचा कमी, आणि तो एखाद्या बिलाच्या पूर्ण रकमेइतका असेल तर भरणाऱ्याचं नाव चुकलंय. हे फार होतं, कारण ॲप एंट्री टाकणाऱ्यालाच भरणारा धरतं. केतनने भरलेलं बिल अनघाने तिच्या फोनवरून टाकलं आणि नाव बदललं नाही, तर केतनचे पूर्ण पैसे अनघाच्या नावावर जमा. वाटे मात्र बरोबर असतात, एकूण खर्चही बरोबर असतो, म्हणून वरवर पाहून लक्षात येत नाही.

फरक दोघांतच असेल आणि तो त्यांच्यातल्या एखाद्या पेमेंटइतका असेल तर ते पेमेंट एकतर टाकायचं राहिलंय नाहीतर दोनदा टाकलं गेलंय, देणाऱ्यानेही टाकलं आणि घेणाऱ्यानेही. पण फरक पेमेंटच्या बरोबर दुप्पट असेल तर दिशा उलटी झालीये. सुमितने रोहनला ऐवजी रोहनने सुमितला असं टाकलं तर सुमितचं देणं ३००० ने कमी व्हायच्या ऐवजी ३००० ने वाढतं, म्हणजे खऱ्यापेक्षा ६००० चा फरक. म्हणून फरकाच्या आकड्याची एंट्री सापडली नाही की त्याचं निम्मं करून शोधा. जुने हिशोबनीस हेच करतात, जमेची रक्कम नावे पडली असेल तर निम्म्यावरून पकडतात. पैशा-दोन पैशांचा फरक मात्र सोडून द्या, १००० तिघांत वाटले की ३३३.३३ येतात, उरलेला एक पैसा ॲपला कोणाच्या तरी वाट्यात टाकावाच लागतो.

फ्लॅटच्या ग्रुपमध्ये यापेक्षा वेगळी अडचण येते म्हणून थोडं त्याबद्दल, कारण ट्रिपचाच ग्रुप पुढे फ्लॅटला वापरणारे खूप असतात. तिथे हिशोब बिघडवतं ते डिपॉझिट. समजा तिघांनी मिळून ३०००० डिपॉझिट दिलं, एकाने भरलं आणि खर्च म्हणून तिघांत टाकलं. पहिल्या दिवशी हे बरोबर चालतं, बाकी दोघांचं १००००-१०००० देणं दिसतं आणि ते देऊन टाकतात. वर्षाने एक जण सोडून जातो आणि चौथा येतो. आता नवा माणूस जाणाऱ्याला १०००० देतो, कारण घरमालकाकडचं डिपॉझिट तसंच राहणार आहे, त्यातला फक्त हिस्सा हातबदल होतोय. हे १०००० ग्रुपमध्ये टाकलं की गडबड. पेमेंट म्हणून टाकलं तर ॲप म्हणणार जाणाऱ्याने नव्याला १०००० द्यायचे, कारण नव्याच्या नावावर आधीचं काही देणं नव्हतंच, त्याने जास्तीचे दिले असं ॲप समजतं. खर्च म्हणून सगळ्यांत टाकलं तर जुन्या दोघांवर परत डिपॉझिटचा बोजा. माझा सल्ला असा की डिपॉझिट खर्चाच्या ग्रुपमध्ये आणूच नका. ते खर्च होऊन संपलेले पैसे नाहीत, परत यायचे आहेत. त्याची नोंद वेगळी ठेवा, साध्या वहीत किंवा शेअर केलेल्या शीटवर, कोणाचे किती अडकलेत एवढीच, आणि माणूस बदलला की तिथलं नाव बदला. ॲपच्या ग्रुपमध्ये भाडं, वीज, किराणा असा दर महिन्याला संपणारा खर्चच असू द्या.

आणि फ्लॅटमध्ये नव्या माणसाला ग्रुपमध्ये घेतलं की जुन्या एंट्र्यांत त्याचं नाव आपोआप जात नाही, पण पुढच्या एंट्र्यांत मात्र सगळ्यांत समान असेल तर तो आपोआप येतो. तो महिन्याच्या मध्यावर आला असेल तर त्या महिन्याचं भाडं हाताने वाटावं लागेल. उलट सोडून गेलेला ग्रुपमध्ये तसाच राहिला तर पुढची किती बिलं त्याच्यावर पडत राहतात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून जाणाऱ्याची बाकी शून्य करून त्याला त्याच दिवशी ग्रुपमधून काढावं. बाकी शून्य नसेल तर स्प्लिटवाइज काढू देतही नाही, आणि ते चांगलंच आहे.

एकाच मित्राबरोबर ट्रिपचाही ग्रुप आणि फ्लॅटचाही ग्रुप असेल तर पेमेंट कुठल्या ग्रुपमध्ये नोंदवलं तेही बघा. ट्रिपचे पैसे दिले आणि नोंद ग्रुपबाहेर, थेट मित्राच्या पानावर झाली, तर त्या मित्राशी एकूण बाकी शून्य दिसू शकते आणि ट्रिपच्या ग्रुपमध्ये देणं तसंच लटकत राहतं. ग्रुपमधल्या बाकीच्यांना ग्रुपबाहेरची नोंद दिसत नाही, ते म्हणत राहतात याने दिले नाहीत. पेमेंट नोंदवताना ग्रुपच्या आत जाऊनच नोंदवायचं.

परत तुमच्या ट्रिपकडे. दुरुस्तीने कोणाचं काय बदलतं ते ग्रुपवर आधी लिहा आणि मगच एंट्र्यांना हात लावा, न सांगता आकडे बदलले की लोकांना शंका येते. तुमचं घेणं ४००० वरून १५०० वर येतंय, केतनचं ३००० चं ३५०० होतंय, अनघाचं देणं २००० चं १५००, सुमितचं ५००० चं ३५००. म्हणजे नुकसान तिघांचं होत होतं आणि ते २५०० तुमच्याकडे चालले होते, त्यामुळे हे तुम्हीच सांगितलेलं बरं.

ॲपच्या चुकीच्या आकड्यांप्रमाणे कोणी आधीच पैसे पाठवून बसलं असेल तर ती पेमेंट डिलीट करू नका, ती खरोखर झालेली आहेत. फक्त वरच्या दोन एंट्र्या दुरुस्त करा, उरलेला फरक ॲप आपोआप नव्या बाकीत दाखवेल. समजा तिन्ही पेमेंट होऊन गेली असतील, तर दुरुस्तीनंतर तुमच्या नावावर २५०० देणं येईल: सुमितला १५००, केतनला ५०० आणि अनघाला ५००.